कविता-लॉग, महिना तिसरा: विहीर विषय आहे, पण थीम काय?

मागच्या वेळी म्हटलं होतं की विहिरीवरची कविता पूर्ण झाली की टाकतो, तर झाली एकदाची. डोंबिवली ते दादर उभ्याने, फोनच्या नोट्समध्ये, अकरा दिवस. आधी कविताच वाचा.

नळ आला त्या वर्षी
विहिरीचा रहाट भंगारात गेला.
काठाच्या दगडावर
दोराचे वण मात्र राहिले,
बोट घातलं तर पेरभर आत जातं.
आजी म्हणते, माझा लंबर शेवटचा असायचा,
सगळ्यांचं भरून झालं की.
आता नळाला रांग लागते.
आजी अजून शेवटीच उभी राहते.

(आधी ‘लंबर’च्या जागी ‘पाळी’ होतं. ग्रुपमधल्या दोघींनी ते भलत्याच अर्थाने वाचलं, म्हणून बदललं, आणि आजीच्या तोंडी लंबरच जास्त शोभतो.)

रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाचली. पहिला प्रश्न मीच विचारला, थीम काय वाटते? चार जण एका सुरात, ‘गावची विहीर’. अरे तो विषय झाला! विषय एका शब्दात सांगता येतो, विहीर, आजी, नळ. थीम सांगायला आख्खं वाक्य लागतं, म्हणजे कविता त्या विषयाबद्दल काय म्हणतेय ते. शाळेत मध्यवर्ती कल्पना लिहा म्हणायचे तेव्हा आपण ‘या कवितेत कवीने विहिरीचे वर्णन केले आहे’ लिहून दोन मार्क घ्यायचो, ती सवय अजून गेलेली नाही.

मग एकाने वाक्य दिलं, ‘पाणी हेच जीवन’. वाक्य आहे, मान्य, पण ते नदीच्या, पावसाच्या, टँकरच्या कवितेलाही चिकटवता येतं, आणि माझ्या शेवटच्या ओळीचं त्यात काहीच होत नाही. दुसरा म्हणाला, ‘जुनं गाव हरवतंय’. हे जरा जवळचं, रहाट भंगारात गेलाय ना. पण हळहळ असती तर आजीला विहिरीवर बरं वाटत असल्याचं कुठेतरी दिसलं असतं, आणि इथे तर ती तिथेही शेवटचीच.

म्हणून मी आता असं करतो, की शेवटची ओळ धरायची आणि तिला जोडलेली दुसरी कुठली ओळ आहे ते वर शोधत जायचं. इथे ‘अजून’ आणि ‘राहते’ ह्या दोन शब्दांनी मला सरळ ‘वण मात्र राहिले’वर नेऊन सोडलं. दोर गेला, वण राहिले. विहिरीवरची रांग गेली, आजीचं शेवटी उभं राहणं राहिलं. वण दगडावरही असतो आणि अंगावरही, हे लिहिताना डोक्यात नव्हतं, खरं सांगतो. मग थीमचं वाक्य झालं: माणसाला लावलेली उतरंड ती लावणारी व्यवस्था गेल्यावरही त्याच्या अंगात टिकते. ह्यात विहीर हा शब्दच नाही आणि तरी जवळजवळ प्रत्येक ओळीचा हिशोब लागतो. फक्त ‘पेरभर’ची ओळ थोडी सुटी वाटत होती, पण वण किती खोल आहे ते तीच सांगते, म्हणून ठेवली.

खरा वाद पुढे झाला. ग्रुपमधली एक ताई म्हणाली, ही अस्पृश्यतेचीच कविता आहे. मलाही क्षणभर भारी वाटलं, थीम आयती मोठी झाली की. पण कवितेत आजी स्वतः भरते, नुसती शेवटी. जिथे शिवाशिव पाळायचे तिथे लंबरच नसायचा, लांब उभं राहायचं आणि कुणी दया येऊन वरून ओतलं तर घ्यायचं. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते ह्याच हक्कासाठी. माझ्या कवितेतली आजी धाकटी सून असू शकते, विधवा असू शकते, कविता ते सांगत नाही. म्हणजे ताईचं वाचन इतिहासातून आलं, ओळींतून नाही.

घरी येऊन गंमत म्हणून ‘माझा लंबर शेवटचा असायचा, सगळ्यांचं भरून झालं की’च्या जागी ‘आम्ही लांब उभ्या, कुणी वरून ओतलं तर’ लिहून पाहिलं. विषय तोच, विहीर. थीम मात्र पार फिरली, आता शेवटच्या ओळीतली आजी सवयीने मागे राहत नाही, हांड्याला हांडा लागायला घाबरते. ताईचं वाचन ह्या ड्राफ्टला फिट बसतं.

सध्या दोन्ही ड्राफ्ट ठेवलेत. दुसऱ्यात ‘सगळ्यांचं’ गेल्यावर ‘अजून शेवटीच’ला आधार उरत नाही, तिथे ‘अजून लांबच’ करावं लागेल असं वाटतंय, पण मग रांगेची ओळ लटकते. ह्या आठवड्याच्या लोकलमध्ये तेच काम.