अमळनेरच्या मुलाचा सल्ला लिहून दिला

आज सकाळपासून एकच काम केलं, अमळनेरकडच्या एका मुलाला पत्रिका बघून दिलेला सल्ला कागदावर उतरवला. तोंडी सगळं सांगून झालं होतं पण त्याची आई निघताना म्हणाली, मना पोऱ्यानं बरं कधी व्हई ते लिखी द्या, म्हणजे घरचे सगळे वाचतील. म्हणून बसलो.

मुलगा तेहतिशीतला, कंपनीतली नोकरी सोडून ठिबकच्या सामानाचं दुकान टाकायचंय. मेष रास, भरणी नक्षत्र. आधी जमेची बाजू लिहिली, बुध चांगला आहे, माणसं सांभाळतो, हिशोब तोंडपाठ, उधारी मागायला लाजत नाही, धंद्याला हेच लागतं. मग सावधगिरी. शनी मार्च २०२५ पासून मीनेत आहे म्हणजे त्याच्या राशीला बारावा, साडेसातीचं पहिलं अडीचकं, खर्चाचं घर. इथे मी "साडेसाती आहे" एवढंच लिहून सोडत नाही, घरातली माणसं तो एक शब्द वाचून घाबरतात आणि पुढचं वाचतच नाहीत. सरळ लिहिलं की शेत गहाण टाकून कर्ज काढू नको, भागीदारी केलीस तर कागद करून कर, पहिल्या हंगामात माल कमी भर.

खरा वेळ गेला काळ लिहिताना. जन्मवेळ काय तर आई म्हणते दिवेलागणीची. आता दिवेलागण म्हणजे तासभर इकडेतिकडे होणारच, आणि चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो, भरणीला जन्माची दशा शुक्राची २० वर्षांची, म्हणजे वेळेत एक तासाचा फरक पडला की पुढच्या सगळ्या दशा जवळपास दहा महिन्यांनी सरकतात. त्याची मंगळाची दशा संपून राहूची लागणार आहे, ती या हिशोबाने दिवाळी २०२६ ते गणपती २०२७ मध्ये कधीही. अशा पत्रिकेला "अमुक तारखेला सुरू कर" लिहून देणारे आहेत, मला ते पटत नाही. मी लिहिलं, या दहा महिन्यांत नोकरी सोडू नको, संध्याकाळचं छोटं दुकान भाड्याने घेऊन चालव, राहू लागल्यावर धंद्याची दिशा बदलू शकते म्हणून हात मोकळा ठेव. कागदावर "वेळ अंदाजे" हे ठळक करून खाली रेघ मारली.

नोकरी लागली ती चंद्र संपून मंगळ लागताना, हे त्याच्या सांगण्यावरून जुळतंय, पण एका घटनेवर वेळ पक्की करत नाही, दोन तीन तरी लागतात. लग्नाची आणि वडील गेले त्याची तारीख मागवलीय. जन्मदाखल्यावर सहसा वेळ नसते, दवाखान्याचं जुनं कार्ड सापडलं तर बघ म्हटलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, मोठ्या आत्याच्या पेटीत जुने कागद आहेत, रविवारी पारोळ्याला जाऊन बघतो. सापडलं तर लग्नरास आणि काळाचं पान नव्याने लिहीन, चंद्रावरून लिहिलेलं तसंच राहील.