पंखा बसवला, तरी कपाट तापतच होतं

जळगावात आमचं कापडाचं दुकान आहे. काउंटरमागच्या प्लायच्या कपाटात आठ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा एनव्हीआर, कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच, राउटर आणि यूपीएस ठेवलेला होता. मे महिन्यात दुपारचं रेकॉर्डिंग अधूनमधून गायब होऊ लागलं. एनव्हीआरच्या `S.M.A.R.T.` पानावर हार्ड डिस्कचं तापमान ५८ अंश दिसलं. दुकानात ३६ अंश होते, कपाटाच्या वरच्या भागात ४९.

दाराच्या वरच्या भागात १२ सेंटीमीटरचा, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. वरचं तापमान ४५ वर आलं आणि तिथेच थांबलं. मी मोठा पंखा आणायला निघालो होतो, पण आधी उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहिलं. वायरींसाठी कपाटाच्या छताला पाडलेलं भोक पंख्यापासून वीतभर अंतरावर होतं. धूर तिथून आत शिरून सरळ पंख्यात जात होता. खाली एनव्हीआरपाशी मात्र तो जागचा हलत नव्हता. पंखा जोरात फिरत होता, पण दुकानातली हवा वरच्या वर येऊन जात होती.

मग वायरींभोवती फोम ठासून ते भोक बंद केलं. सुतारकाकांकडून दाराच्या तळाशी हवा आत यायला रुंद खाच पाडून घेतली. तिचं क्षेत्रफळ पंख्याच्या तोंडाच्या दीडपट ठेवलं, कारण त्यावर लावलेली मच्छरजाळी बरीच हवा अडवते. एनव्हीआरची फळी मागच्या भिंतीला टेकलेली होती, त्यामुळे खालची हवा वर चढायला वाटच नव्हती. फळी मागून तीन इंच कापली. एनव्हीआरच्या डोक्यावरचा राउटर बाजूला घेतला. यूपीएस कपाटाबाहेर काढला. तो स्वतः तापतोच, शिवाय उष्णतेने त्याच्या बॅटरीचं आयुष्यही झपाट्याने घटतं.

हिशोबही करून पाहिला. मीटरवर सगळं मिळून ९५ वॅट दिसत होते. त्यातले सुमारे ३२ वॅट केबलमधून कॅमेऱ्यांकडे जातात, म्हणजे त्यांची उष्णता कपाटाबाहेर पडते. यूपीएस गेल्यावर आत साधारण ५० उरले. वॅटला तीनने गुणून तासाला वाहणाऱ्या घनमीटर हवेने भागलं, की आतली हवा किती अंश चढेल ते ढोबळमानाने कळतं. तासाला ३० घनमीटर हवा वाहिली तर पाच अंश. पंख्याच्या खोक्यावर १२० लिहिलेले होते, पण जाळी आणि अरुंद वाटेमुळे चौथाईच हवा धरली. तेवढीही पुरेशी होती.

पुन्हा मोजलं तेव्हा दुकानात ३६, पंख्यापाशी ४१ आणि डिस्क ४७ होती. उदबत्तीचा धूर खालच्या खाचेतून आत ओढला जात होता.

पंखा कपाटाला दुकानाच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. दुपारी शटर बंद असताना दुकानात ४१ अंश होतात, तेव्हा डिस्क ५२ पर्यंत जाते. रेकॉर्डिंग मात्र पुन्हा तुटलं नाही. कापडाचे बारीक तंतू जाळीत लवकर भरतात. पंख्यापाशी आणि दुकानात सात-आठ अंशांचा फरक दिसला, की मी जाळी काढून ब्रशने झटकतो.