दीडशेचा शेअर एकशे सत्तरचा कसा झाला

यंत्रमाग किती वेळा आणि कशामुळे थांबला, हे मोजणारी पेटी आमची कंपनी बनवते. सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांत त्या बसतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही तीन गुंतवणूकदारांना ४०,००० इक्विटी शेअर दिले. दर्शनी किंमत १० रुपये आणि अधिमूल्य १४० रुपये, म्हणजे दीडशे रुपयांना एक. एकूण ६० लाख रुपये आले.

दोन वर्षांनी तिघांनाही प्राप्तिकर खात्याच्या नोटिसा आल्या आणि त्याच व्यवहाराची माहिती मागणारी कलम १३३(६) ची नोटीस कंपनीला आली. तिघांपैकी एक टॉवेलचे कारखानदार. त्यांचा फोन आला, "काय ओ, आम्ही शेअर स्वस्तात घेतले म्हणे?"

प्रश्न खरंच तोच होता. स्टार्टअपवाल्यांना सवय असते ती उलट प्रश्नाची, म्हणजे शेअर इतके महाग का विकले. त्या जादा दरावरच्या कराला एंजल टॅक्स म्हणत. तो कलम ५६(२)(सातब) खाली कंपनीवर बसे आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. आम्हाला आलेला प्रश्न कलम ५६(२)(दहा) खालचा होता. रास्त बाजारमूल्यापेक्षा कमी दराने शेअर मिळाले आणि फरक ५०,००० रुपयांच्या वर गेला, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचे उत्पन्न धरतात. कर कंपनीला नाही, गुंतवणूकदाराला. एंजल टॅक्स गेला तरी हे कलम राहिले. डीपीआयआयटी या केंद्रीय विभागाने दिलेली स्टार्टअपची मान्यता दाखवून इथे सुटका नाही, कारण ती सवलत पहिल्या कलमापुरती होती.

अधिकाऱ्यांच्या हिशेबात शेअरचे मूल्य १७० रुपये निघाले होते. शेअरमागे २० रुपये, म्हणजे तिघांच्या उत्पन्नात मिळून ८ लाखांची भर.

पहिला मोह झाला तो मर्चंट बँकरचा, म्हणजे शेअरचे मूल्य ठरवून देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा, अहवाल लावून टाकण्याचा. शेअर देताना आम्ही पुढच्या वर्षांच्या रोख आवकजावकीवरून, म्हणजे डीसीएफ पद्धतीने, मूल्यांकन करून घेतले होते. त्यात दर १५६ आला होता. एंजल टॅक्सच्या दृष्टीने तो उत्तम, कारण आमचा दर त्याच्या आत होता. पण 'स्वस्तात दिले' या आरोपाला उत्तर म्हणून तोच कागद पुढे केला, तर खरी किंमत १५६ होती असे आपणच लिहून दिल्यासारखे होते. आमच्या सीएंनी तो थांबवला. अहवाल मागितला होता म्हणून दिला, पण सोबत स्पष्ट लिहिले की हा नियम ११यूए(२) खालचा, दुसऱ्या कलमासाठीचा आहे. घेणाऱ्याच्या हातातल्या अनकोटेड, म्हणजे शेअर बाजारात भाव नसलेल्या, इक्विटी शेअरला नियम ११यूए(१)(ग)(ख) चे सूत्रच लागते आणि त्यात डीसीएफला जागा नाही. (शेअर प्रेफरन्स, म्हणजे लाभांशात अग्रहक्काचे, असते तर गोष्ट वेगळी. त्यांना खुल्या बाजारातली किंमत धरतात आणि तिथे असा अहवाल चालतो.)

सूत्र ताळेबंदावर चालते. मालमत्तेची पुस्तकी किंमत घ्यायची, त्यातून भरलेला प्राप्तिकर वजा करायचा, जमीन-इमारत मात्र मुद्रांक शुल्काच्या मूल्याने धरायची, देणी वजा करायची आणि उरलेल्या रकमेला शेअरसंख्येने भागायचे. अधिकाऱ्यांनी ३१ मार्च २०२३ चा ताळेबंद घेतला होता, कारण विवरणपत्रासोबत तोच त्यांच्यासमोर होता. जमीन-इमारत सोडून मालमत्ता ३.६८ कोटी, चिंचोळी एमआयडीसीतला प्लॉट आणि शेड १.७० कोटी, देणी १.३० कोटी. निव्वळ ४.०८ कोटी, भागिले २,४०,००० शेअर, बरोबर १७०.

बेरीज चुकलेली नव्हती, तारीख चुकली होती. नियम ११यू प्रमाणे या कलमासाठी ताळेबंद मूल्यांकनाच्या दिवसाचा लागतो आणि तो दिवस म्हणजे शेअर मिळाल्याचा दिवस. पैसे खात्यात आल्याचा नव्हे, वर्षअखेरही नव्हे. आमचे वाटप १८ नोव्हेंबरचे. संचालक मंडळाचा ठराव आणि वाटप कंपनी निबंधकांना कळवणारा पीएएस-३ फॉर्म त्याच तारखेचे.

इथे 'त्या ताळेबंदात आमचेच साठ लाख मोजले' असे ओरडावेसे वाटते. तो मुद्दा जवळजवळ पोकळ आहे. पैसे वाढले तसे शेअरही वाढले, आणि दर निव्वळ मूल्याच्या जवळ असला की भागाकार फारसा हलत नाही. हलवले ते नंतरच्या नफ्याने. जानेवारी-फेब्रुवारीत एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर पुरी झाली आणि वाटपानंतर ३१ मार्चपर्यंत करापूर्वीचा नफा ४८ लाख झाला. ४८ लाख भागिले २,४०,००० म्हणजे २० रुपये. वादातला संपूर्ण फरक एवढाच होता. तो नफा १८ नोव्हेंबरला अस्तित्वातच नव्हता, हे आम्ही उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात घातले.

१८ नोव्हेंबरचा ताळेबंद मात्र तयार नव्हता. तो वहीखात्यातून मागे जाऊन काढावा लागला. बँक आणि देणेकरी सोपे, कारण खातेवही तारखेवर थांबवता येते. घसारा त्या दिवसापर्यंतचा. अडले ते साठ्यावर. सर्किट बोर्ड आणि सेन्सरची मोजणी आम्ही महिनाअखेरीला करतो. म्हणून ३० नोव्हेंबरच्या मोजणीपासून मागे गेलो: मधल्या दिवसांतली विक्री बिले आणि वापर परत मिळवला, खरेदी वजा केली. तो तक्ता बिल क्रमांकांसह जोडला आणि ताळेबंद कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षकांकडून तपासून घेतला. नियमात ती अट आहे.

आकडे असे आले: मालमत्ता २.६० कोटी, त्यातून टीडीएस आणि आगाऊ कर ६ लाख वजा, म्हणजे २.५४. जमीन-शेड खात्यानेच धरलेले १.७०. देणी १.३०. निव्वळ २.९४ कोटी, भागिले जुने २,००,००० शेअर, १४७ रुपये. नवे शेअर आणि साठ लाख धरले तरी १४७.५०. दोन्ही रीतींनी दीडशेच्या खाली.

जमिनीवर आम्ही मुद्दाम भांडलो नाही. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो. भाडेपट्ट्याचा हक्क म्हणजे 'जमीन किंवा इमारत' नव्हे, असे कलम ५०सी च्या, म्हणजे जमीन-इमारत विकताना मुद्रांक मूल्य धरायला लावणाऱ्या कलमाच्या, संदर्भात न्यायाधिकरणांनी म्हटलेले आहे. पुस्तकी ४५ लाख धरले तर आमचे मूल्य ८४.५० पर्यंत उतरते. पण तो कायद्याचा वाद, लांबणारा. म्हणून तो पर्यायी मुद्दा म्हणून शेवटी ठेवला. मुख्य उत्तर खात्याचाच जमिनीचा आकडा मान्य करून उभे राहते, ही त्याची ताकद होती. 'नवे शेअर देणे म्हणजे मिळणे नव्हेच' हा मुद्दाही एका ओळीत नोंदवला. आधीच्या अशाच कलमाबद्दल केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने डिसेंबर २०१८ मध्ये तसे परिपत्रक काढले होते, पण जानेवारी २०१९ मध्ये ते मागे घेतले. त्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नव्हते.

तिघांच्या चौकशा फेसलेस, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन, आणि वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. एकाच्या उत्तरात १४७ आणि दुसऱ्याच्या उत्तरात १४७.५० मुख्य आकडा म्हणून गेला असता तर तिघेही अडकले असते. त्यामुळे कंपनीने एकच संच केला, पाने क्रमांक घालून, आणि तिघांनी तोच जोडला.

दोघांची विवरणपत्रे भर न घालता मान्य झाली. कारखानदारांना व्हिडिओ सुनावणी मिळाली आणि तिथे एकच गोष्ट विचारली गेली: साठा मोजणीच्या आधीच्या तारखेला कसा काढला? बिलांचा तक्ता उघडून दाखवला, त्यानंतर त्यांचाही आदेश तसाच आला.

पुढच्या फेरीत वाटपाचा ठराव आम्ही महिनाअखेरीच्या तारखेला ठेवला. साठ्याची मोजणी त्या दिवशी होतेच, आणि लेखापरीक्षक लगेच ताळेबंद तपासून देतात.