भाच्याच्या प्लेस्टेशनसाठी भेट: गिफ्ट कार्ड की थेट कोड?

सांगलीचा माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्लेस्टेशन ५ वर त्याचा ‘सायबरपंक २०७७’ खेळून झाला होता आणि ‘फँटम लिबर्टी’ हा त्याचा २०२३ साली आलेला जोडभाग त्याला हवा होता. धाकट्या बहिणीनं फोनवर हे सांगितलं, तेव्हा वाढदिवसाला तेच द्यायचं मी ठरवलं. मी न्यू जर्सीत राहते. इथल्या दुकानात प्लेस्टेशनची गिफ्ट कार्डं टांगलेलीच असतात, आणि ‘फँटम लिबर्टी’ अमेरिकेत २९.९९ डॉलरला मिळतं. कार्ड घ्यायचं, खरवडायचं, नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, एवढंच काम वाटत होतं.

पण घेण्याआधी नीट वाचलं ते बरं झालं. प्लेस्टेशनचं खातं उघडताना जो देश निवडला जातो, तो नंतर बदलता येत नाही आणि कार्डही त्याच देशाचं लागतं. डॉलरचं कार्ड भारतीय खात्यावर चालत नाही, त्याचे रुपये होत नाहीत. भाच्याचं खातं कुठलं, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे बरीच मुलं अमेरिकेचा पत्ता टाकून खातं काढतात. बहिणीला म्हटलं, “तो कॉलेजला गेला की टीव्ही लाव आणि प्लेस्टेशन स्टोअर उघड. किमती रुपयांत दिसतात का तेवढं बघ.” रुपयांत होत्या. म्हणजे कार्ड भारतातलंच घ्यायला हवं होतं.

तरी माझा जीव थेट कोडात अडकला होता. पैसे देण्यापेक्षा त्याला हवी ती वस्तूच हातात पडावी, असं मावशीला वाटणारच. कोड टाकला की जोडभाग उतरू लागतो, त्यात रकमेचा हिशोब राहत नाही.

मात्र अशा कोडाला अटी कार्डापेक्षा जास्त असतात. ‘फँटम लिबर्टी’ प्लेस्टेशन ४ साठी निघालंच नाही. मूळ गेम हाताशी असल्याशिवाय ते चालत नाही. सगळ्यात अडचणीची अट डिस्कची. भाच्याकडे गेम डिस्कवर आहे, आणि डिस्क एका प्रदेशाची व जोडभाग दुसऱ्या प्रदेशाचा असला, तर विकत घेतलेला जोडभाग त्या गेमला सापडतच नाही. आपल्या दुकानांत बाहेरून आणलेल्या डिस्काही विकल्या जातात, त्यामुळे डिस्क पुण्यात घेतली एवढ्यावर भागत नाही.

हे तपासायची खूण मात्र सोपी आहे. प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर PPSA ने आणि प्लेस्टेशन ४ च्या डिस्कवर CUSA ने सुरू होणारा आकडा छापलेला असतो. प्लेस्टेशन स्टोअरच्या भारतीय संकेतस्थळावर गेमचं पान उघडलं की वरच्या पत्त्यातही बहुतेकदा तो आकडा असतो. त्याच्या आधी EP असेल तर युरोपचा प्रदेश, ज्यात भारत येतो. UP असेल तर अमेरिकेचा. बहिणीनं डिस्कचा फोटो पाठवला, मी पानाशी ताडून पाहिला. आकडा जुळला.

म्हणजे भारतीय कोड चाललाच असता. तो मिळाला मात्र नाही. प्लेस्टेशनच्या पूर्ण गेमचे कोड दुकानांतून विकणं सोनीनं एप्रिल २०१९ पासून बंद केलं. जोडभागांचे कोड बंद नाहीत, पण मला हवा तो ओळखीच्या भारतीय दुकानांत दिसला नाही. दिसला तो परक्या संकेतस्थळांवर, कोण विकतंय याचा पत्ता नसलेला आणि कोणत्या प्रदेशाचा हेही न लिहिलेला. असे कोड कधी चोरीच्या क्रेडिट कार्डानं घेतलेले असतात आणि पुढे रद्द होतात. तरुण मुलाच्या हाती असली भेट द्यायला मी तयार नव्हते.

मग कार्डच. ओळखीच्या भारतीय दुकानाच्या संकेतस्थळावरून बहिणीनं रुपयांचं कार्ड घेतलं, मी तिला पैसे पाठवले. बारा अक्षरांचा नंबर ईमेलवर आला. तो भाच्याच्या खात्यात जमा होईपर्यंत पावती जपून ठेवायला मी तिला सांगितलं, कारण नंबर चालला नाही तर दुकानाला दाखवायला तेवढंच हातात असतं. किमतीच्या जवळची वरची रक्कम मुद्दाम निवडली. उरलेले पैसे वॉलेटमध्ये राहतात. रोख म्हणून काढता येत नाहीत, पण पुढच्या खरेदीला चालतात.

वाढदिवसाला भाच्यानं स्टोअरमध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून Redeem Code उघडून नंबर टाकला आणि पैसे जमा झाले. पण त्यानं ‘फँटम लिबर्टी’ लगेच घेतलं नाही. “मावशी, डिसेंबरात सेल लागतो, थांबतो जरा,” म्हणाला. सेलमध्ये ते बरंच स्वस्त मिळालं आणि उरलेल्या पैशांत त्यानं आणखी एक छोटा गेम घेतला. थेट कोड दिला असता तर ही सोय त्याला मिळाली नसती. पुढच्या वर्षी मी पुन्हा रुपयांचं कार्डच देणार आहे.