‘तृषार्त’ म्हणजे का जी?

२०१९ च्या जुलैमध्ये तोतलाडोह धरण आटल्यामुळे नागपुरात एक दिवसाआड पाणी येऊ लागले होते आणि मृग व आर्द्रा ही दोन्ही नक्षत्रे जवळजवळ कोरडी गेली होती. मी तेव्हा शहराच्या काठावरील एका शाळेत मराठी शिकवीत होतो. वस्तीतील मंडळी रोज सायंकाळी खंजिरीवर सामुदायिक प्रार्थना म्हणत असत. पावसासाठी चार कडवी लिहून द्या, असे त्यांनी मला सांगितले.

मी सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग निवडला. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक ऐकणाऱ्याला ओळ धरून ठेवायला मदत करते, आणि चौथा चरण आखूड असल्याने सर्वांना एकदम श्वास घेता येतो. अक्षरे मी बोटांवर मोजली होती, हिशेब चोख होता. तरीही ‘तृषार्त धरेला जलधारा द्याव्या’ या ओळीवर साठ-सत्तर माणसांचा सूर फुटला. कोणी ‘तृषात’ म्हणाले, कोणी गप्प राहिले, आणि पुढच्या रांगेतील एका आजीने विचारले, “गुरुजी, थे तृषार्त म्हणजे का जी? आमी देवाशी असं नाई बोलत.”

त्या शब्दापेक्षा मोठी चूक मला त्याच सायंकाळी ऐकू आली. प्रत्येक कडवे मी ‘पाणी दे रे’ने संपवले होते. एकट्याच्या तोंडी ती विनवणी वाटते, परंतु सत्तर गळ्यांतून एका ठेक्यात निघाली की विधानभवनावरच्या मोर्चाची घोषणा होते. (नागपूरकरांना तो फरक सांगावा लागत नाही.) घरी जाऊन मी सगळे खोडले आणि आजी जे शब्द बोलतील तेवढेच ठेवायचे ठरवले.

पावसा रे देवा
वाट पाहे माती
रिकाम्याच हाती
उभे आम्ही

येथे मागणे नाही, केवळ अवस्था सांगितली आहे. जोडाक्षरेही दोनच, आणि तीही रोजच्या बोलण्यातली. मागणे मी दुसऱ्या कडव्यात ठेवले, तेही उलट्या क्रमाने. गोठ्यातील गुरांसाठी डबकेही उरले नाही, असे एक गवळी मला सांगून गेला होता. त्यावरून तो क्रम सुचला.

आधी गुरांसाठी
मग पाखरांना
मग लेकरांना
मग आम्हां

व्याकरणाच्या दृष्टीने या कडव्यात क्रियापदच नाही. वर्गात एखाद्या मुलाने असे लिहिले असते तर मी लाल रेघ ओढली असती. परंतु ‘दे’ गाळल्याशिवाय तो घोषणेचा सूर जात नव्हता.

दुसऱ्या सायंकाळी कोणीही अडखळले नाही. ‘मग आम्हां’ या चार अक्षरांवर आजींनी आवाज खाली घेतला. तसे करायला मी सांगितले नव्हते. मागच्या रांगाही त्यांच्याबरोबर खाली आल्या आणि खंजिरीवाल्याने तेवढ्यापुरता हात थांबवला.