अप्पांचे बांधलेले हात आणि कलम 97

अप्पांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं आणि त्यानंतरच्या रात्रीच ते वातात बरळायला लागले. सोलापुरातलंच खासगी हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. सकाळी गेले तर दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीनं कॉटच्या कठड्याला बांधलेली. उजव्या मनगटावर लाल वळ, बोटं गार आणि सुजलेली. तशातही अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती. चादरीच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस, भ्रमातही तुटलेला ताणा सांधत बसला होता.

सिस्टर म्हणाल्या, "ताई, रात्रीत दोनदा सलाईन उपसलं. उठून चालायला निघाले होते. पडले असते तर तुम्हीच आम्हाला धरलं असतं." हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्या दादाचा पुण्याहून फोन आला तेव्हा त्याचंही हेच, "बांधा हवं तर, पण पडू देऊ नका." नातेवाईक तोडफोडीला येतात, या भीतीपोटी निम्मे हात बांधले जातात असं माझं मत झालंय.

मी भांडले नाही. तीन गोष्टी विचारल्या: बांधायला कोणी सांगितलं, केसपेपरवर कुठे लिहिलंय आणि सोडणार कधी? तिन्हींना उत्तर नव्हतं.

हे प्रश्न मला सुचले ते एका वकील मैत्रिणीमुळे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 चा, 2018 पासून लागू झालाय. त्यातलं कलम 97 तिनं मला फोनवर समजावून सांगितलं. मनोरुग्णाला एकांतात डांबता येत नाही. बांधायचं तर त्याला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होणार असेल आणि ती टाळायला दुसरा कुठलाच मार्ग नसेल तेव्हाच, तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं. गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ, हे लगेच नोंदवायचं. रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणूनही बांधायचं नाही. हे शेवटचं कायद्यात चक्क लिहिलेलं आहे. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिलं जाणारं कारण मात्र तेच. साखळीनं बांधायला तर कलम 95 नं सरसकट बंदीच आहे. तमिळनाडूत एरवाडीला 2001 मध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांत अडकलेले मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले होते.

आता खरी मेख. अप्पा मनोरुग्ण होते का? डॉक्टर म्हणाले, हा डिलिरियम आहे, शरीरातल्या बिघाडामुळे मेंदूला आलेली तात्पुरती भ्रांती. आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाही, तुमचं कलम आम्हाला लागत नाही. मैत्रीण म्हणाली, कायद्याच्या व्याख्येत भान आणि स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही येतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. पण तो वाद कोर्टात जिंकेपर्यंत अप्पांच्या हाताचं काय? म्हणून तिनं दुसरा रस्ता धरायला सांगितला. ॲडमिट करताना आपण छापील फॉर्मवर 'सर्व उपचारांस संमती' म्हणून सही करतो. 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की एका उपचाराची संमती दुसऱ्याला चालत नाही. मग हात बांधण्याची संमती त्या फॉर्ममध्ये आपोआप कशी येईल? शिवाय बेकायदा अडवून ठेवणं हा कुठल्याही माणसाच्या बाबतीत गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेच्या 126 आणि 127 कलमांत तो आहे. वृद्धांसाठीच्या 2007 च्या कायद्यात पोटगी आहे, वृद्धाश्रम आहेत, पण बांधण्याबद्दल काही नाही.

मी हे सगळं डॉक्टरांना ऐकवलं नाही. एवढंच म्हटलं, "बांधायचंच असेल तर तुमच्या सहीनं लिहा. आणि वात का झालाय ते आधी शोधू या." लिहायचं म्हटल्यावर हालचाल सुरू झाली, हे मात्र खरं.

रक्त तपासलं. सोडियम 122, म्हणजे बरंच कमी. रक्तदाबाची जी गोळी अप्पा घेत होते ती लघवी वाढवणारी होती, तिच्यामुळे सोडियम उतरतं. पोट दाबून पाहिलं तर मूत्राशय तट्ट फुगलेलं. नळी काढल्यापासून लघवी साफ झालीच नव्हती, आणि बोलून सांगायचं भान नव्हतं. म्हणजे 'उठून पळतात' असं ज्याला म्हणत होते, तो माणूस बहुतेक मोरीकडे निघाला होता. लघवी काढल्यावर तासाभरात ते बरेच निवळले. सोडियम मात्र हळूहळूच भरून काढावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होते. त्यामुळे रात्रीचा भ्रम आणखी काही दिवस टिकला.

त्या रात्रींत हात मोकळे ठेवून काय केलं? सलाईनची सुई मनगटावरून कोपराच्या खाली घेतली आणि वर पूर्ण बाहीचा सदरा, म्हणजे दिसेना आणि उपसायची इच्छाही होईना. चष्मा आणि कानाचं यंत्र परत दिलं. ऑपरेशनच्या वेळी काढलेलं, ते ड्रॉवरमध्येच पडून होतं. कॉट सगळ्यात खाली उतरवली, शेजारी गादी टाकली, मंद दिवा ठेवला, आणि आळीपाळीनं घरचं कोणीतरी उशाशी. कठडे वर केले की सुरक्षित, हाही गैरसमज. भ्रमातला माणूस कठडा ओलांडतो आणि जास्त उंचीवरून पडतो. आणि कठड्याला बांधलेली पट्टी तर कठडा खाली करताना हाताला हिसका देते. तीच वळाची गोष्ट.

एकदा मात्र अप्पा ऑपरेशनच्या पायावर उभं राहायलाच लागले. मी आणि वॉर्डबॉयनं त्यांना खांद्याला धरून बसवलं, डॉक्टर येईपर्यंत धरून ठेवलं. हेसुद्धा अडवणंच. पण कारण समोर होतं, दोन माणसं डोळ्यांत तेल घालून पाहत होती, आणि गरज संपताच हात काढले. केसपेपरवर वेळेसकट लिहून घेतलं. मला फरक इथे दिसतो. रात्री दहाला बांधून सकाळी सहाला सोडणं, आणि मधे कोणी बोटांचा रंग पाहायला नाही की पाणी विचारायला नाही, याला उपचार म्हणता येत नाही.

डिस्चार्जनंतर सगळे कागद मागितले. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे अर्ज केल्यापासून 72 तासांत ते द्यावे लागतात, आणि दिले. ज्या रात्री हात बांधले होते, त्या रात्रीच्या नर्सिंग नोंदीत लिहिलं होतं, 'पेशंट शांत झोपला.' मी फक्त त्या ओळीची प्रत आणि वळाचा फोटो जोडून व्यवस्थापनाला पत्र दिलं. उत्तरात बांधण्यासाठी वेगळा लेखी फॉर्म सुरू करतोय असं कळवलं. तो रात्रपाळीत खरंच भरला जातो का, हे पाहायला मी तिथे नाही.

आता अप्पा घरी आहेत. संध्याकाळी अजून थोडा घोळ होतो, मूळचा विसरभोळेपणा आता उघड झालाय. दुपारच्या मावशींनी परवा विचारलं, "ताई, मी भाकऱ्या थापेपर्यंत ओढणीनं खुर्चीला बांधू का?" घराला कलम 97 लागत नाही, तिथे ना नोंद, ना तपासणी. मी नको म्हटलं. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणली आणि अप्पांच्या हातात सुताची गुंडी दिली.