पन्नास ताऱ्यांचं दार आणि उलटी लांब उडी

‘सुपर मारिओ 64’ची 16 ताऱ्यांची स्पीडरन, म्हणजे फक्त 16 तारे घेऊन गेम लवकरात लवकर संपवणं, शिकायला घेतली, तेव्हा जो तो एकच सांगत होता: पायऱ्यांवर स्टिक मागे खेच आणि ए बटण जोरजोरात दाब. या सल्ल्याचा मला अजूनही राग येतो. बोटं दुखेपर्यंत दाबलं तरी मारिओ जिथल्या तिथे उड्या मारत राहतो, आणि बघणारा म्हणतो, ‘अजून जोरात.’ अडचण जोराची नसतेच.

आधी थोडक्यात मांडणी. 1996 साली आलेल्या या गेममध्ये एकूण 120 तारे आहेत आणि किल्ल्यातली दारं ताऱ्यांच्या हिशोबाने उघडतात: 8, 30, 50, आणि शेवटचा न संपणारा जिना 70 ताऱ्यांना. ही ठरवून दिलेली चढण मोडून पुढचं आधी गाठणं म्हणजे सीक्वेन्स ब्रेक. 8चं दार रीतसर उघडतं. 30चं दार तळघरातला ससा हातात धरून पार करतात. तो ससा 15 तारे झाल्यावर दिसतो, त्यानंतर पाणबुडीच्या लेव्हलमधला एक तारा घ्यावाच लागतो, म्हणून 16. इथपर्यंत माझं सुरळीत चाललं. 50च्या दारापाशी मात्र रुतलो.

त्या दाराकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर उलटी लांब उडी मारायची असते: मागे सरकत एकामागून एक लांब उड्या घेऊन वेग इतका वाढवायचा की बंद दारातून आरपार जाता येईल. ती का चालते, हे गेमच्या कोडमधल्या एका अटीत दिसतं. लांब उडी सुरू होताना हे घडतं:

```c
if ((m->forwardVel *= 1.5f) > 48.0f) {
    m->forwardVel = 48.0f;
}
```

प्रत्येक लांब उडीला वेग दीडपट होतो आणि 48च्या वर गेला तर 48वर आणला जातो. पण मारिओ मागे सरकत असेल तर वेग उणे असतो, आणि उणे संख्या 48पेक्षा मोठी कधीच होत नाही. म्हणजे मागच्या बाजूला लगामच नाही. उणे 16पासून धरलं आणि हवेत वेळ गेला नाही असं मानलं, तर 24, 36, 54, 81 असं वाढत दहाव्या उडीला 900च्या वर जातं. पुढे मारलेल्या लांब उडीच्या कमाल वेगाच्या ते जवळजवळ वीसपट आहे.

मग माझा वेग का वाढत नव्हता? शेवटी संगणकावर गेम चालवणारा इम्युलेटर उघडला, खेळ एकेक फ्रेम पुढे सरकवत नेला आणि शेजारी वेगाचा आकडा लावून ठेवला. ग्लिच शोधणारेही असंच करतात. संशयाची जागा गाठायची, तिथे सेव्हस्टेट, म्हणजे पुन्हा त्याच क्षणावर परतता येईल अशी खूण, ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कोणता आकडा कुठे विचित्र वागतो ते बघायचं. पडद्यावर मारिओ नुसता तडफडताना दिसतो, आकड्यात मात्र कारण दिसतं.

माझं कारण पहिल्याच उडीत होतं. मी चांगला पळत येऊन उडी घेत होतो. पळण्याचा वेग 32, उडीला तो 48 होतो. हवेत स्टिक पूर्ण मागे ओढली तरी एका फ्रेमला साधारण 1.85च कमी होतो, म्हणजे शून्यावर यायला सव्वीसेक फ्रेम जातात. सपाटीवरची लांब उडीच मुळात 30 फ्रेमची, म्हणजे सेकंदभराची. तोवर मारिओ पायऱ्यांपासून सहाशेहून जास्त एकक लांब गेलेला असतो आणि उतरताना वेग उणे 5च्याही आतच असतो. तिथे ए कितीही दाबा.

लांब उडीला लागणारा किमान वेग 10पेक्षा जरासाच जास्त आहे. तेवढ्यावरच उडी घेतली तर ती 15ने सुरू होते, आठेक फ्रेममध्ये शून्यावर येते आणि उरलेला वेळ मारिओ मागे, म्हणजे पायऱ्यांकडे येत राहतो. पाठ पायऱ्यांकडे करायची, स्टिक किंचित पुढे टेकवायची, लगेच झेड आणि ए, आणि तत्क्षणी स्टिक पूर्ण मागे. हे जमलं त्या दिवशी जो आनंद झाला, तो पुढे रन पूर्ण केल्यावरही झाला नाही.

झेड शेवटपर्यंत दाबलेलं ठेवायचं. उतरताना झेड सुटलं असेल तर ए दाबलेलं गेम मोजतच नाही. आणि ए धरून ठेवून उपयोग नाही, दरवेळी सोडून नव्याने दाबावं लागतं. गेम सेकंदाला 30 फ्रेम चालतो, त्यामुळे उतरलेल्या क्षणांत एखादं तरी दाबणं पडेल अशी समान लय पुरते.

पायऱ्याच का, तर उणे 16च्या पलीकडे गेलेला वेग हवेत हळूहळू गळतो. स्टिक मागे असतानाही 24चा वेग दहाएक फ्रेममध्ये 16वर येतो. सपाटीवर दर उडीला सगळी कमाई अशी वाया जाते. पायऱ्यांवर मागची पायरी लवकर पायाखाली येते आणि गळायला वेळ मिळत नाही. हे कानांनीही ओळखता येतं: ‘याहू’ तुटून ‘या-या-या’ असा सलग ऐकू आला की वेग साठतो आहे. पूर्ण ‘याहू’ ऐकू येत असेल तर मारिओ खरंच उडतो आहे. ती खेप सोडून पुन्हा सुरुवात करावी.

आता दार. गेम एका फ्रेममधली हालचाल चार टप्प्यांत करतो आणि भिंत, जमीन फक्त त्या चार ठिकाणी तपासतो. 48 वेगाला एक टप्पा 12 एककांचा असतो, त्यातून दार सुटत नाही. 900 वेगाला तो 225चा होतो, एक टप्पा दाराच्या अलीकडे पडतो आणि पुढचा पलीकडे.

इथे आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे नकाशाबाहेरची जागा, आडवं येतं. टप्पा जिथे पडला तिथे खाली जमीनच नसेल, तर हा गेम तिथे जाऊ देत नाही. न दिसणारी भिंत लागावी तसा मारिओ अडतो आणि साठवलेला वेग एका क्षणात शून्य होऊ शकतो. बऱ्याच गेममध्ये नकाशाबाहेर निसटून मोकळं फिरता येतं, इथे मात्र पलीकडच्या जमिनीवरच टप्पा पडावा लागतो. म्हणून तिरकं गेलात तर दाराशेजारच्या भिंतीमागच्या पोकळीत टप्पा पडतो आणि सगळं संपतं. पायऱ्यांच्या मधोमध उभं राहा, कॅमेरा जिन्याच्या रेषेत आणा आणि स्टिक अगदी सरळ मागे ओढा.

एक गोष्ट आत्ता आठवली, खरं तर सरावाच्या आधी बघायची: आवृत्ती. 1997 साली जपानमध्ये आलेल्या शिंदौ आवृत्तीत उतरताना वेग उणे असेल तर तो शून्य केला जातो. 2020चा ‘3D ऑल-स्टार्स’ संचही त्याच आवृत्तीवर आहे. तिथे ही उडी चालणारच नाही.

न संपणाऱ्या जिन्यावरही हीच उडी. 70 तारे नसतील तर ठरावीक पट्ट्यावर पाय पडताच गेम मारिओला खाली सरकवतो, पण त्या पट्ट्याची तपासणी फ्रेमला एकदाच होते. वेग पुरेसा असेल तर पट्टा दोन फ्रेमच्या मधेच मागे पडतो. हा जिना लांब असल्याने वेग साठवायला जागा भरपूर मिळते, आणि 50चं दार जमलेल्याला तो अवघड जात नाही.